मधल्या दिवसाचे किलोमीटर

प्रश्न: आम्ही सहा जण ठाण्याहून (कासारवडवली) अर्टिगा करून गणपतीपुळ्याला जाऊन आलो. शुक्रवारी पहाटे निघालो, रविवारी रात्री ११:२० ला घरी उतरलो. व्हॉट्सॲपवर ठरलं होतं ते असं: ‘३०० किमी प्रतिदिन, १४ रु. किमी, एक्स्ट्रा किमी १४ रु., ड्रायव्हर भत्ता ४०० रु. प्रतिदिन, टोल-पार्किंग वेगळं, गॅरेज टू गॅरेज.’ बिल आलं १६,४७७ रुपये. तीन दिवसांचे ९०० किमी लावलेत, आणि वर १३८ किमी एक्स्ट्रा. गाडी एकूण ८२२ किमीच धावली आहे, मग एक्स्ट्रा कसं? शिवाय मॅपवर एका बाजूचं अंतर ३५० आहे आणि स्लिपवर ३७२. १३,००० दिलेत, ३,४७७ मागतायत. देऊ का? ड्युटी स्लिपचा फोटो जोडला आहे.

उत्तर:

३,४७७ देऊ नका, १,५४५ द्या. एक्स्ट्रा किलोमीटरचे १,९३२ रुपये तुम्ही देणं लागत नाही. ३७२ चा आकडा मात्र बरोबर आहे, त्यावरून वाद घालू नका. दोन्हींचं कारण सांगतो. मी ठाण्यात गाड्या लावायचा धंदा करतो, आणि ही चूक सध्या वरचेवर माझ्या कानावर येते आहे.

तुमच्या स्लिपवरचं रीडिंग आधी नीट वाचू. शुक्रवारी गाडी गॅरेजमधून निघाली तेव्हा ८४,३१६. रात्री गणपतीपुळ्यात ८४,६८८, म्हणजे ३७२ किमी. शनिवारी तुम्ही जयगड, मालगुंड आणि आरे-वारे केलंत, रात्रीचं रीडिंग ८४,७७२, म्हणजे ८४ किमी. रविवारी गॅरेजला गाडी लागली तेव्हा ८५,१३८, म्हणजे ३६६ किमी. शेवटच्यातून पहिलं वजा केलं की ८२२ येतात. बेरीज चोख आहे, रीडिंगमध्ये काही गडबड नाही.

गडबड आहे ती हे आकडे ३०० शी कसे ताडले त्यात. बिल करणाऱ्याने शुक्रवारचे ३७२ घेतले, त्यातून ३०० वजा केले, ७२ एक्स्ट्रा धरले. रविवारच्या ३६६ मधून ३०० वजा केले, ६६ धरले. ७२ आणि ६६ मिळून १३८. आणि शनिवारी गाडी फक्त ८४ धावली, तिथे मात्र त्याने ३०० पूर्ण लावले. म्हणजे गाडी जास्त धावली त्या दिवशी जास्तीचे पैसे, आणि कमी धावली त्या दिवशीही पूर्ण पैसे. ८२२ किमी धावलेल्या गाडीचं बिल १,०३८ किमीचं झालं.

बाहेरगावच्या ड्युटीचा हिशोब असा होत नाही. आमच्या धंद्यात ३०० ला ‘लिमिट’ पेक्षा ‘ॲव्हरेज’ म्हणतात, आणि त्या शब्दातच सगळं आहे. तीनशेचं ॲव्हरेज म्हणजे जेवढे दिवस गाडी तुमच्याकडे, त्याला ३०० ने गुणायचं, आणि तो आकडा संपूर्ण प्रवासाच्या धावेशी एकदाच ताडायचा. तीन दिवस म्हणजे ९००. धाव ९०० च्या आत असेल तर ९०० चे पैसे, वर गेली तर जेवढी वर तेवढे एक्स्ट्रा. तुमची धाव ८२२. म्हणजे ९०० चे पैसे द्यायचे आणि विषय संपला. उलट ७८ किमी न धावताच तुम्ही त्यांचे पैसे भरताय, आणि ते मात्र रीतसर आहे.

हे ३०० आले कुठून, ते कळलं की मालकाशी बोलताना तुम्हाला अडखळायला होणार नाही. गाडी रस्त्यावर असो वा दारात उभी असो, तिचा काही खर्च रोज चालूच असतो: बँकेचा हप्ता, विमा, परमिट, पासिंग, ड्रायव्हरचा पगार. बाकीचा खर्च चाकं फिरली तरच होतो: इंधन, टायर, ऑइल, सर्व्हिसिंग. माझ्याकडच्या सीएनजी अर्टिगाचा हा चालता खर्च सध्या किलोमीटरला साडेपाच रुपयांच्या आसपास पडतो. १४ रुपयांतले उरलेले साडेआठ रुपये उभा खर्च आणि मालकाचा नफा यांत जातात. गाडी दिवसभर तुमच्यासाठी अडकून राहिली आणि ८४ किमीच धावली, तर ८४ किमीच्या पैशांत त्या दिवसाचा उभा खर्च निघत नाही. ती भरपाई म्हणून किमान ३०० चं ॲव्हरेज लावतात. शनिवारी गाडी तुमच्या हॉटेलबाहेर उभी होती म्हणून मालकाला दुसरी ड्युटी घेता आली नाही, तेव्हा त्या दिवसाचे ३०० घेणं न्यायाचं आहे.

पण मग पुढचंही मान्य करायला हवं. शनिवारी २१६ किमी गाडी धावली नाही, तरी त्यांचे पैसे मालकाला मिळाले, आणि त्यांचं इंधन त्याचं वाचलं. साडेपाचच्या हिशोबाने ते जवळजवळ बाराशे रुपये होतात. शुक्रवार-रविवारच्या १३८ जादा किलोमीटरना चालता खर्च आला साडेसातशेच्या आसपास. तो वाचलेल्यातून भागून वर उरलाच. ॲव्हरेजची पद्धत नेमकी याचसाठी आहे: जास्त धावेचा दिवस आणि कमी धावेचा दिवस एकमेकांना सांभाळून घेतात. एका हाताने उभ्या दिवसाचे पूर्ण पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने धावत्या दिवसाचे जादा, हे एकाच किलोमीटरचे दोनदा पैसे घेणं झालं.

हेच दुसऱ्या बाजूने तपासून पाहा. समजा तुम्ही शनिवारचा मुक्काम केलाच नसता. एका दिवशी गेलात, दुसऱ्या दिवशी परत आलात. तेव्हा दोन दिवसांचे ६००, धाव ३७२ अधिक ३६६, म्हणजे ७३८, आणि एक्स्ट्रा बरोबर १३८. त्या प्रवासात ते १३८ मी स्वतःही लावले असते आणि तुम्हाला द्यावे लागले असते. तुमच्या बिलात नेमके तेच १३८ आले आहेत, म्हणजे मधला दिवस जणू नव्हताच. आणि त्या मधल्या दिवसाचे ४,२०० रुपये मात्र त्याच बिलात आहेत. मालकाला एवढंच विचारा की मधला दिवस धरला आहे की नाही. धरला असेल तर त्याचे किलोमीटर तुमचे आहेत.

मालकाने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणणार नाही. ही चूक बहुतेक वेळा लोकल ड्युटीच्या सवयीतून होते. शहरातल्या शहरात गाडी देतो तेव्हा आमचं पॅकेज असतं ‘आठ तास ऐंशी किलोमीटर’. ते रोजचं रोज संपतं. आज ११० धावली तर ३० एक्स्ट्रा, उद्या ४० धावली तरी पॅकेज पूर्ण, आजचं उद्यावर ढकलायचं नाही. लग्नाच्या किंवा कंपनीच्या ड्युट्यांची बिलं वर्षभर अशीच बनतात. ऑफिसात नवीन मुलगा बसला किंवा बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवसाची मर्यादा म्हणून ३०० भरून ठेवले, की बाहेरगावच्या ड्युटीलाही तोच साचा लागतो. तुमच्या बिलावर प्रत्येक दिवसाची वेगळी ओळ आणि प्रत्येक ओळीत एक्स्ट्राचा वेगळा रकाना आहे, त्यावरून मला तरी असंच झालेलं दिसतं.

आता तुमच्या बाजूची कच्ची जागाही सांगतो. तुमच्या मेसेजमध्ये ‘ॲव्हरेज’ हा शब्द नाही, ‘३०० किमी प्रतिदिन’ एवढंच आहे. मालक म्हणू शकतो की प्रतिदिन म्हणजे प्रत्येक दिवसाला. त्यावर तुमचं उत्तर असं की बाहेरगावच्या ड्युटीत त्याचा चालत आलेला अर्थ ॲव्हरेजच आहे, आणि वेगळी अट असती तर ती आधी सांगायला हवी होती. ‘शिल्लक किलोमीटर दुसऱ्या दिवशी धरले जाणार नाहीत’ असं एखादं वाक्य मेसेजमध्ये असतं तर मी तुम्हाला पैसे देऊन टाका म्हटलं असतं. कारण या गाड्यांना काळ्या-पिवळ्या टॅक्सीसारखं मीटर नसतं, दोघांत जे ठरलं तोच दर. पण तसं वाक्य तुमच्या मेसेजमध्ये कुठेही नाही.

आता ३५० आणि ३७२ कडे येऊ. ‘गॅरेज टू गॅरेज’ हे तीन शब्द मेसेजमध्ये होते. त्याचा अर्थ किलोमीटर आणि वेळ दोन्ही तुमच्या बिल्डिंगखालून सुरू होत नाहीत, गाडी जिथे उभी असते तिथून सुरू होतात आणि तिथेच बंद होतात. स्लिपवर गॅरेजचा पत्ता कळव्याचा आहे. कळव्याहून कासारवडवली अकरा-बारा किलोमीटर. पुढे मॅपचे ३५०. उरले दहा. त्यात एकदा नाश्त्याला आत वळलात, एकदा सीएनजी भरायला, गणपतीपुळ्यात हॉटेल शोधताना फिरलात. शिवाय गाडीचं रीडिंग आणि मॅप यांत शंभराला एक-दोन किलोमीटर इकडेतिकडे होतातच. ३७२ मध्ये मला काही वावगं दिसत नाही. परतीला ३६६, म्हणजे जवळपास तेवढेच, आणि जाता-येताचे आकडे असे जुळले की रीडिंग खरं असल्याची ती चांगली खूण असते.

संशय कधी घ्यायचा, ते माझ्या स्वतःच्या गाडीवर घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या एका ड्रायव्हरने रात्री मीरा रोडला एक पार्टी सोडली, आणि पहाटेची नौपाड्यातली दुसरी ड्युटी त्याने तिथूनच सुरू केली. स्लिपवर सुरुवातीचं रीडिंग मीरा रोडचं टाकलं. गॅरेज नौपाड्यापासून चार किलोमीटरवर, आणि स्लिपवर पहिल्या टप्प्याचे वीसच्या वर किलोमीटर. त्या काकांनी गाडीत बसतानाच मीटरचा फोटो काढून ठेवला होता. त्यांनी मला फोन करून एवढंच म्हटलं, ‘अहो, तुमची गाडी माझ्याकडे यायला एवढी का फिरली?’ मी त्याच दिवशी बिल दुरुस्त केलं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे: आधीच्या पार्टीची रिकामी धाव पुढच्या पार्टीच्या स्लिपवर चढवायची नाही, गॅरेजपासूनचं नेहमीचं अंतर धरायचं.

तर फोटो दोन काढायचे. एक गाडीत बसताना, एक उतरताना, रीडिंग आणि घड्याळ दोन्ही दिसतील असे. स्लिपवरचं सुरुवातीचं रीडिंग आणि तुमचा फोटो यांतला फरक म्हणजे गॅरेज ते घर. तो फरक गॅरेजच्या पत्त्याशी जुळला की झालं. गाडी ठरवतानाच गॅरेज कुठे आहे ते विचारून घ्या. घोडबंदर रोडला राहणाऱ्या माणसाने बदलापूरची गाडी केली, तर जाता-येता बरेच किलोमीटर नुसते गाडी आणण्या-नेण्यात जातात, आणि मग किलोमीटरला रुपया स्वस्त मिळाला तरी काही वाचत नाही. घर ते घर असा हिशोब करणारेही मालक आहेत, ते बहुधा दर थोडा वर सांगतात.

तुमच्या स्लिपवर मला ज्याची खरी धास्ती वाटली, ते वेगळंच आहे. तुम्ही घरी ११:२० ला उतरलात आणि स्लिप बंद झाली ११:५० ला. दहा मिनिटं उशीर झाला असता तर बिलात चौथा दिवस आला असता.

बाहेरगावच्या ड्युटीत दिवस म्हणजे चोवीस तास नव्हेत. दिवस म्हणजे कॅलेंडरची तारीख, रात्री बारा ते रात्री बारा. शुक्रवारी पहाटे पाचला निघा किंवा रात्री दहाला निघा, शुक्रवार पूर्ण एक दिवस. अनेक मंडळी ऑफिस सुटल्यावर शुक्रवारी रात्री दहाला निघतात, शनिवार-रविवार फिरून येतात, आणि बिलात तीन दिवस पाहून चिडतात. मालक तिथे नियमाला धरून असतो. मात्र तीन दिवस लावले तर ९०० चं ॲव्हरेजही द्यावं लागतं, हे दोघांनीही लक्षात ठेवावं. अशा वेळी मी पार्टीला सरळ सांगतो की रात्री दहाऐवजी बारानंतर निघा, म्हणजे गाडी गॅरेजमधूनच बारा वाजून पाच मिनिटांनी सुटेल. एक दिवसाचे ४,२०० आणि ४०० भत्ता वाचतो, ड्रायव्हरला दोन तास जास्त झोप मिळते. काही जण रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेसाठी ड्रायव्हरचा वेगळा रात्रीचा भत्ता लावतात, तेवढा विचारून घ्यायचा. तो दिवसभराच्या भाड्यापुढे किरकोळ असतो.

परतीच्या बाजूला हेच उलटं होतं, आणि तिथे हातात फारसं काही नसतं. रविवारी संध्याकाळी कोकणातून सगळं ठाणे-मुंबई एकाच वेळी परत निघतं. माणगाव-इंदापूरच्या पट्ट्यात गाडी तास-दीड तास तिथल्या तिथे असते. तुम्ही गणपतीपुळ्याहून सकाळी अकराला निघालात असं स्लिपवर दिसतं. जेवून दोनला निघाला असतात तर स्लिप सोमवारी बंद झाली असती, आणि सोमवार म्हणजे आणखी ३०० किमी आणि आणखी एक भत्ता. असं झालं तर काय, हे आधी ठरवून ठेवलेलं बरं. माझ्याकडे रात्री दोनपर्यंत उशीर झाला तर मी नवा दिवस लावत नाही, ड्रायव्हरला रात्रीचा भत्ता तेवढा द्यायला सांगतो. बरेच मालक याला तयार होतात, पण विचारलं तरच. आणि उशीर होतोय म्हणून ड्रायव्हरला गाडी पळवायला मात्र लावू नका. कोकणातला हायवे आहे, काम चालू असलेले तुकडे आणि डायव्हर्शन आहेत, आणि तो माणूस सकाळपासून चालवतो आहे. चार हजार वाचवायला हे करू नये.

बिलातल्या बाकीच्या रकमा मी पाहिल्या. भत्ता तीन दिवसांचा १,२००, बरोबर. टोल-पार्किंग ७४५ लावलेत, त्याच्या पावत्या किंवा फास्टॅगचे मेसेज मागा, मालकाच्या फोनवर ते असतातच. तुमच्या बिलात नाहीत, पण इतर कुणाला उपयोग होईल म्हणून सांगतो: मुंबईच्या वेशीवरचे पाच टोलनाके, म्हणजे आनंदनगर, ऐरोली, वाशी, दहिसर आणि मुलुंडचा एलबीएस रोड, हे १४ ऑक्टोबर २०२४ पासून कार-जीपसारख्या हलक्या गाड्यांना माफ आहेत. त्यानंतरच्या तारखेला अर्टिगाच्या बिलात त्यांचा टोल दिसला तर तो काढायला लावा. तसंच महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात फिरताना ‘राज्य परमिट’ किंवा ‘बॉर्डर टॅक्स’ अशी ओळ यायचं कारण नाही. जीएसटी लावला असेल तर बिलावर जीएसटी नंबर छापलेला हवा. तुमच्या बिलावर नंबरही नाही आणि करही नाही, तेव्हा तो प्रश्न येत नाही.

म्हणजे तुमचं बिल असं होतं: ९०० किमी गुणिले १४, बारा हजार सहाशे. भत्ता बाराशे. टोल-पार्किंग सातशे पंचेचाळीस. एकूण १४,५४५. दिलेले १३,००० वजा जाता बाकी १,५४५.

हे बोलणं ड्रायव्हरशी करू नका. त्याला बिलातलं काही ठरवता येत नाही, आणि त्याने तीन दिवस तुम्हाला नीट नेऊन आणलं आहे. मालकाला फोन करण्याआधी असा मेसेज पाठवा, म्हणजे बोलणं लेखी राहील:

‘नमस्कार. गणपतीपुळे ड्युटीचं बिल मिळालं. स्लिपप्रमाणे एकूण धाव ८२२ किमी आहे. तीन दिवसांचं ३०० ॲव्हरेजप्रमाणे ९०० किमी होतं आणि त्याचे पूर्ण १२,६०० मला मान्य आहेत. १३८ किमी एक्स्ट्रा दिवसागणिक काढलेत, पण शनिवारी गाडी ८४ किमीच धावली आणि त्याचेही ३०० लावलेत. एक्स्ट्राचे १,९३२ कमी करून बिल पाठवा. बाकी १,५४५ लगेच पाठवतो.’

माझा अनुभव असा की दहातले आठ मालक एवढ्यावर बिल दुरुस्त करतात, कारण धाव ॲव्हरेजच्या आत असताना एक्स्ट्रा लावलं हे दुसऱ्या मालकाला सांगायची सोय नसते. नाहीच ऐकलं तर १,५४५ यूपीआयने पाठवून द्या आणि तिथे ‘गणपतीपुळे ड्युटी, पूर्ण रक्कम’ असं लिहा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. मेसेज, स्लिप आणि बिल, एवढे तीन फोटो पुरतात. दोन हजारांसाठी ग्राहक आयोगापर्यंत जायची पाळी येईल असं मला वाटत नाही.

पुढच्या वेळी गाडी ठरवताना मेसेजमध्ये तीन गोष्टी लिहून घ्या: ३०० चं ॲव्हरेज संपूर्ण प्रवासावर धरायचं, गॅरेज अमुक ठिकाणी आहे, आणि परतीला मध्यरात्र उलटली तर अमुक वाजेपर्यंत नवा दिवस नाही. मालक ‘ठीक आहे’ म्हणाला की तोच करार.

आणि सेल्फ ड्राइव्ह गाडी घेणार असाल तर यातलं बरंच बदलतं. तिथे दिवस तारखेचा नसून गाडी हातात घेतल्यापासून चोवीस तासांचा धरतात, आणि किलोमीटर सहसा पूर्ण बुकिंगवर एकत्र मिळतात, म्हणून दिवसागणिक एक्स्ट्राचा हा वाद तिथे क्वचित होतो. तिथे भांडण होतं ते इंधन किती भरून परत दिली आणि ओरखडा आधीचा की नंतरचा, यावर. मात्र गाडी घेताना नंबरप्लेट बघा. भाड्याने चालवायला दिलेल्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात, ड्रायव्हरसह मिळणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी भाड्याने देत असेल तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते, आणि तो खर्च किलोमीटरच्या कुठल्याच हिशोबात बसत नाही.

एक गोष्ट माझ्या धंद्याच्या विरोधात जाते, तरी सांगतो. गणपतीपुळ्यासारख्या ठिकाणी, जिथे मधला दिवस बसून राहायचंच असतं, तिथे ठाण्याची गाडी तीन दिवस अडकवून ठेवणं तुम्हाला महाग पडतं. मांडवी, कोकणकन्या, जनशताब्दी या गाड्या ठाण्याला थांबतात आणि रत्नागिरीला उतरवतात. तिथून गणपतीपुळे आरे-वारेच्या रस्त्याने पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, आणि शनिवारच्या ८४ किलोमीटरसाठी तिथलीच गाडी एक दिवस केली की पुरतं. आरक्षण वेळेवर मिळालं तर सहा जणांचा खर्च या बिलाच्या बऱ्याच खाली राहील. आरक्षण नाही मिळालं, किंवा सोबत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असली, तर मग आमची गाडी आहेच. तेव्हा सकाळी निघा आणि रविवारी परत निघायची वेळ सकाळी अकराच्या पुढे नेऊ नका.